ऑपरेशननंतर पुन्हा ॲडमिट: क्लेम नवा, पण आजारपण जुनं?

प्रश्न: सासूबाईंचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन ३ जूनला झालं, ५ तारखेला घरी आलो. मिस्टरांच्या कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनला त्यात ८० हजारांची मर्यादा आहे. तेवढे मिळाले, वरचे आम्ही भरले. २९ जूनला थंडी-ताप आणि कावीळ होऊन त्यांना पुन्हा ॲडमिट करावं लागलं. पित्तनलिकेत खडा राहिला होता, तो तोंडातून दुर्बीण घालून काढला आणि स्टेंट टाकला. बिल १ लाख ३८ हजार. टीपीए, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारे, आधी म्हणाले, हा नवा क्लेम आहे, सगळे कागद नव्याने द्या. आता पत्र आलंय की आजारपण पहिलंच असल्याने मर्यादा संपली, काहीच मिळणार नाही. नक्की नवा धरायचा की जुना?

उत्तर:

क्लेम नवा आणि आजारपण जुनं, ही टीपीएची दोन्ही वाक्यं एकाच वेळी बरोबर असू शकतात. त्यावरून त्यांनी काढलेला "म्हणून काहीच नाही" हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही. मी पूर्वी एका टीपीएत क्लेमच्या फायली तपासायचो. अशा पत्रांचे मसुदे कसे तयार होतात ते जवळून पाहिलंय, म्हणून थोडं खोलात जाऊन सांगतो.

आधी क्लेम नंबरचं. पेशंट हॉस्पिटलमध्ये दाखल झाला की दर वेळी नवी फाइल उघडते. त्या फाइलला नवा नंबर, वेगळी मंजुरी, वेगळं डिस्चार्ज कार्ड, वेगळी बिलं. कळवण्याची मुदतही नव्याने मोजतात. तातडीने दाखल झाल्यास बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत कळवायचं असतं, आणि "पहिल्या वेळी कळवलं होतंच की" हे उत्तर तिथे चालत नाही. या अर्थाने तुमचा क्लेम नवाच आहे. पण हा सगळा हिशेबाच्या वहीचा भाग झाला. पैसे किती मिळणार, हे त्या नंबरावरून ठरत नाही.

ते ठरतं पॉलिसीतल्या "एनी वन इलनेस" नावाच्या व्याख्येवरून. ही विमा नियामकाने ठरवून दिलेली प्रमाण व्याख्या आहे, त्यामुळे हॉस्पिटलचा खर्च भरून देणाऱ्या जवळपास सगळ्या पॉलिसींत ती शब्दशः सारखी सापडते. तिचा आशय असा: आजारपणाचा सलग काळ म्हणजे एक आजारपण, आणि जिथे उपचार घेतले त्या हॉस्पिटलमधल्या शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांच्या आत तो आजार उलटला, तर तोही त्याच आजारपणात धरायचा.

हे ४५ दिवस बहुतेक लोक डिस्चार्जपासून मोजतात, काही जण ऑपरेशनच्या तारखेपासून. दोन्ही चूक. व्याख्येत शब्द आहे शेवटच्या तपासणीचा. सासूबाईंना टाके दाखवायला त्याच हॉस्पिटलमध्ये १३ जूनला नेलं असेल, असं धरू. मग ४५ दिवस १३ जूनपासून सुरू होतात आणि २८ जुलैला संपतात. डिस्चार्जपासून मोजले असते तर ते २० जुलैलाच संपले असते. तुमच्या बाबतीत पुन्हा दाखल होण्याची तारीख २९ जून आहे, त्यामुळे कसंही मोजलं तरी ती आतच येते आणि यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण हाच त्रास २५ जुलैला झाला असता, तर सगळा फरक त्या एका फॉलोअपच्या कागदाने पडला असता. म्हणून फॉलोअपच्या चिठ्ठ्या आणि पावत्या टाकून देऊ नयेत. कधी त्या आपल्या बाजूने बोलतात, कधी विरुद्ध, पण तारीख सिद्ध करायला दुसरं काही नसतं.

आता खरा वादाचा मुद्दा. व्याख्येत "उलटलेला आजार" म्हटलंय, "गुंतागुंत" म्हटलेलं नाही. न्यूमोनिया बरा झाला आणि तीन आठवड्यांनी परत आला, तर तो उलटला. पण गुडघ्याचा सांधा बदलल्यावर जखमेत पू झाला, तर मूळचा संधिवात उलटला असं कुणी म्हणेल का? तो सांधा तर काढून टाकलाय. नवं दुखणं जंतुसंसर्गाचं आहे. तरीही टीपीएमध्ये सर्रास दोन्ही दाखले एकमेकांना जोडले जातात. तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर पेशंट तोच, हॉस्पिटल तेच, तारखा जवळजवळ आणि डिस्चार्ज कार्डावर "ऑपरेशनोत्तर गुंतागुंत" असे शब्द दिसले की जोडणी जवळजवळ आपोआप होते. तिला आव्हान देता येतं. पॉलिसीतला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ ती लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावायचा, हे विम्याच्या खटल्यांत न्यायालयांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. पण त्या वाटेने जाण्याआधी जोडणीने तुमचं नुकसान होतंय की फायदा, हे बघायला हवं. फायदाही होतो, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो.

वर्षाच्या एकूण विमा रकमेवर जोडणीचा परिणाम होत नाही. एक आजारपण धरा की दोन, ३ लाखांतून पहिले ८० हजार गेले आणि २ लाख २० हजार शिल्लक राहिले, यात बदल नाही. परिणाम होतो तो रकमेला "प्रत्येक आजारपणाला इतकेच" असं कुंपण असतं तिथे. रिस्टोरेशनची, म्हणजे संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळण्याची सोय असलेल्या बऱ्याच जुन्या पॉलिसी त्याच आजारासाठी ती देत नाहीत, तिथेही जोडणी नडते. याउलट ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणाऱ्या टॉप-अप पॉलिसीत ती कामाला येते. साध्या टॉप-अपमध्ये वजावट, म्हणजे ज्याच्या वरच टॉप-अप सुरू होतो ती रक्कम, दर क्लेमला लागते. समजा वजावट ३ लाखांची आहे, ऑपरेशनला २ लाख २० हजार लागले आणि पुन्हा दाखल झाल्यावर १ लाख ६० हजार. दोन वेगळे क्लेम धरले तर एकही ३ लाखांच्या वर जात नाही आणि टॉप-अपचा एक पैसा मिळत नाही. पॉलिसीत वजावट "एका आजारपणाला" असेल, तर दोन्ही मिळून ३ लाख ८० हजार होतात आणि वरचे ८० हजार टॉप-अपने द्यायला हवेत. अशा ठिकाणी कंपनी अचानक "हे दोन वेगळे क्लेम आहेत" म्हणू लागते. मग तीच व्याख्या आपण तिच्यासमोर ठेवायची. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात, तिथे हा प्रश्नच येत नाही.

तुमचं प्रकरण मर्यादेचं आहे, तेव्हा त्यावर येऊ. इथे मला टीपीएच्या पत्रात एक उडी दिसते. दोन दाखले मिळून एक आजारपण झालं, असं क्षणभर मान्य करू. तरी ८० हजारांची मर्यादा त्या आजारपणाला आहे, की त्या ऑपरेशनला? हे ग्रुप पॉलिसीच्या परिशिष्टातल्या शब्दांवर ठरेल, आणि ते शब्द तुम्ही अजून पाहिले नसावेत. एचआरने दिलेल्या ई-कार्डावर किंवा एका पानाच्या माहितीपत्रकावर फक्त "पित्ताशय - ८०,०००" असं असतं. तेवढं पुरत नाही. पॉलिसीची पूर्ण प्रत आणि मर्यादांचं परिशिष्ट मिस्टरांनी एचआरकडून लेखी मागून घ्यावं. एचआरकडे नसेल तर ब्रोकरकडे असतंच.

परिशिष्टात "पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया" असं लिहिलेलं असेल, तर ही मर्यादा एका प्रक्रियेला लावलेली आहे. दुसऱ्या वेळी पित्ताशय काढलेलं नाही, ते काढायला शिल्लकच नव्हतं. पित्तनलिकेतून ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने, खडा काढला, ती वेगळ्या डॉक्टरने, बहुधा पोटविकारतज्ज्ञाने, वेगळ्या अवयवावर केलेली वेगळी प्रक्रिया आहे. तिला यादीत मर्यादा नसेल तर ती उरलेल्या २ लाख २० हजारांतून द्यावी लागते. १ लाख ३८ हजारांच्या बिलात न मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे, साधारण ९ हजारांच्या धरल्या तर १ लाख २९ हजार मिळायला हवेत. पॉलिसीत पालकांसाठी को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरावीक वाटा, असेल तर तो वजा होईल. ग्रुप पॉलिसींत पालकांना तो बऱ्याचदा असतो, म्हणून परिशिष्टात तेही बघा. मर्यादा "पित्ताशयाचे खडे आणि त्यासंबंधीचे उपचार" अशी असेल, तर बाजू कमजोर होते, कारण नलिकेतला खडा मूळचा पित्ताशयातूनच घसरलेला असतो. आणि "शस्त्रक्रिया व तिच्या गुंतागुंतीसह" असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मी तुम्हाला भांडायला सांगणार नाही. तो पैसा मिळण्यासारखा नाही.

टीपीएला हे सगळं एकच का वाटलं, याचंही कारण सांगून ठेवतो. निदानाला एक कोड द्यावा लागतो. पित्ताशयातल्या खड्याचा कोड K80.2 आणि नलिकेतल्या खड्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाल्याचा कोड K80.3. पहिली तीन अक्षरं सारखी. घाईत फाइल बघणाऱ्याला एवढंच दिसतं. त्याच्याकडे ईआरसीपीचा रिपोर्ट, त्याआधीचा पित्तनलिकेचा एमआरसीपी स्कॅन आणि पहिल्या ऑपरेशनची नोंद एकत्र पोचली होती का, हे विचारा. बऱ्याचदा हॉस्पिटल मंजुरी मागताना फक्त डॉक्टरांची अर्ध्या पानाची चिठ्ठी पाठवतं.

म्हणून डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. त्यांना "गुंतागुंत शब्द काढून टाका" असं मात्र सांगू नका. काही एजंट हा सल्ला देतात, आणि तो घातक आहे. आधीच्या कागदावर एक आणि नंतरच्या कागदावर दुसरं दिसलं की साधा मर्यादेचा वाद खोट्या माहितीच्या आरोपावर जातो. पत्रात खरं तेच, पण पूर्ण यावं: पहिल्या वेळी निदान काय होतं, ऑपरेशनच्या वेळी नलिकेत खडा असल्याची लक्षणं किंवा तपासणीतला पुरावा होता का, दुसऱ्या वेळी निदान काय झालं, कोणती प्रक्रिया केली आणि पहिल्या ऑपरेशनमध्ये ही प्रक्रिया अंतर्भूत नसते. पित्ताशय काढल्यानंतर नलिकेत खडा सापडणं ही सर्जनला ओळखीची गोष्ट आहे, त्यात कुणाची चूक असायलाच हवी असं नाही. आणि चूक असली तरी "हॉस्पिटलच्या निष्काळजीपणामुळे झालं, म्हणून क्लेम नाही" असं प्रमाण वगळणींच्या यादीत कुठे लिहिलेलं नाही. तोंडी असं उत्तर मिळालं तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा.

आणखी एक छोटी पण पैशाची गोष्ट. ५ ते २९ जूनच्या दरम्यान तुम्ही सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या केल्या असतील. ती बिलं पहिल्या क्लेमची "डिस्चार्जनंतरची" म्हणून लावली तर ती त्या संपलेल्या मर्यादेत अडकण्याची शक्यता आहे. कावीळ आणि तापासाठी केलेल्या तपासण्या दुसऱ्या क्लेमच्या "दाखल होण्याआधीच्या" म्हणून लावा, बहुतेक पॉलिसींत आधीचे ३० दिवस धरतात. टाक्यांच्या ड्रेसिंगचं बिल मात्र पहिल्यातच जाईल. तेच बिल दोन्हीकडे लावायचं नाही.

पॉलिसीचं वर्ष बदलतं तेव्हा काय, हाही प्रश्न या निमित्ताने अनेकांना पडतो. दुसऱ्यांदा दाखल होताना जी पॉलिसी चालू असेल, तिच्याकडेच क्लेम जातो. आजारपण आधीच्या वर्षात सुरू झालं म्हणून नव्या वर्षाची पॉलिसी हात वर करू शकत नाही, फक्त नूतनीकरण खंड न पडता झालेलं हवं. पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच वर्ष बदललं, तर आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाण पॉलिसीत स्पष्ट कलम आहे की दोन्ही वर्षांची उपलब्ध रक्कम विचारात घ्यायची, आणि वजावट असेल तर तीही दोन्ही वर्षांची. ग्रुप पॉलिसीत याहून मोठा धोका नोकरीचा. मिस्टरांनी मधल्या काळात नोकरी सोडली असती, तर शेवटच्या दिवसानंतर दाखल झालेल्या सासूबाईंना या पॉलिसीतून काही मिळालं नसतं, मग पहिलं ऑपरेशन याच कंपनीने दिलेलं का असेना.

आणि ज्यांचं पहिलं ऑपरेशनच पॉलिसीबाहेर होतं, त्यांची गोष्ट वेगळी. आधीपासूनच्या आजाराच्या प्रतीक्षाकाळाचं प्रमाण कलम त्या आजाराबरोबर त्याच्या थेट गुंतागुंतीही वगळतं. प्रतीक्षाकाळात स्वखर्चाने ऑपरेशन करून "गुंतागुंत तर नवी आहे" म्हणून क्लेम लावला, तर तो टिकत नाही. तुम्हाला हे लागू नाही, कारण पहिला क्लेम कंपनीने स्वतःच मान्य केलाय.

आता तक्रार कुठे करायची. टीपीएशी फोनवर हुज्जत घालू नका. टीपीए कागद तपासतो, क्लेम नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीचा असतो. २०२४ च्या मे महिन्यातल्या नियामकाच्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतली नेमकी अट दाखवावी लागते. तुमच्या पत्रात कलमाचा उल्लेख आहे का, ते आधी बघा. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मिस्टरांच्या नावाने ईमेल करा. मजकूर लांब नको. दोन्ही क्लेम नंबर, दोन्ही तारखा, परिशिष्टातली मर्यादेची ओळ जशीच्या तशी, आणि मग दोन प्रश्न: ही मर्यादा कोणत्या शब्दांच्या आधारे ईआरसीपीला लावली, आणि कमिटीच्या मंजुरीची तारीख कोणती? सोबत डॉक्टरांचं पत्र आणि रिपोर्ट. "दोन आजारपणं वेगळी आहेत" हा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला मुद्दा मर्यादा प्रक्रियेला आहे, हा. कारण तो जिंकला तर आजारपण एक की दोन, याने काही बिघडत नाही. लोक उलट करतात, ४५ दिवसांवरच भांडत बसतात आणि तिथे हरतात.

तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ग्रुप पॉलिसीची तक्रारही ते घेतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. तिथे भावनेपेक्षा परिशिष्टातली ओळ जास्त कामाची, म्हणून ती प्रत आधी हातात घ्या.

शेवटचं, स्टेंटचं. तो कायम ठेवायचा नसतो, काही आठवड्यांनी काढायला बोलावतात आणि तेव्हा तिसरा क्लेम नंबर पडू शकतो. सासूबाईंचा दुसरा डिस्चार्ज ३ जुलैच्या आसपासचा धरला आणि पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळत असला, तर १ सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. स्टेंट डे-केअरमध्ये दाखल करून काढणार असतील तर आधी मंजुरी मागा. ओपीडीत काढणार असतील तर स्वतंत्र क्लेम होत नाही, त्याचा खर्च दुसऱ्या क्लेमच्या डिस्चार्जनंतरच्या खर्चात लावावा लागतो, आणि तोही मुदतीच्या आत झालेला असेल तरच. तारीख वैद्यकीय गरजेप्रमाणे डॉक्टरच ठरवतील, पण ते "ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, तुमच्या सोयीने या" म्हणाले, तर ऑगस्टची मागून घ्या.